३८६ कुटुंबांतून ४० : अंकांच्या सारणीने आणि फोनच्या आकड्यांनी काढलेली सोडत

मराठवाड्यातलं एक गाव, जानेवारी महिना, आणि महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर. विद्यार्थ्यांना एका साध्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं: गावातल्या किती कुटुंबांना पिण्याचं पाणी अंगणाबाहेरून आणावं लागतं? प्रत्येक घरी जाऊन नीट बोलायला वेळ पुरणार नव्हता, म्हणून ४० कुटुंबं निवडायची ठरली. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे ती निवड कशी करायची हे माझ्याकडे आलं.

मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर बटण दाबलं असतं तर चाळीस आकडे क्षणात मिळाले असते. पण गावात आधी झालेल्या एका पाहणीबद्दल लोकांच्या मनात अढी होती. ठरावीक लोकांचीच घरं घेतली गेली, असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर उमटलेला आकडा कुठून आला हे बघणाऱ्याला कळत नाही. म्हणून सोडत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, लोकांसमोर, कागद-पेन्सिलीने काढायची असं आम्ही ठरवलं. आकडा कुठला, तो कुठल्या घरावर पडला आणि का पडला, हे चौथी शिकलेल्या माणसालाही पडताळता यायला हवं होतं.

आधी यादी

सोडतीची सगळी भिस्त यादीवर असते. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत ४१२ नोंदी होत्या. पण ती वही मालमत्तेची, कुटुंबांची नव्हे. तिच्यात गोठे होते, दोन देवळं होती, शाळा, समाजमंदिर आणि दुकानांचे गाळे होते. अशा ६१ नोंदी आम्ही वगळल्या. उलट बाजूने, कागदावर एकच घर पण आत दोन भाऊ वेगळे निघालेले, असे ३५ संसार वहीत दिसतच नव्हते. आम्ही चूल हे एकक धरलं. जिची चूल वेगळी, ते कुटुंब वेगळं. ४१२ मधून ६१ गेली, ३५ मिळाली, आणि ३८६ कुटुंबं उरली. त्यांना ००१ पासून ३८६ पर्यंत नव्याने क्रमांक दिले.

कुलूपबंद घरं मात्र यादीतून काढली नाहीत. जानेवारीत या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात. घर बंद दिसलं म्हणून ते कुटुंब गावाचं नाही, असं होत नाही. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

क्रमांकांचा क्रम वहीतलाच राहिला: आधी जुनं गावठाण, मग रस्त्याकडेची घरं, आणि शेवटी ३०१ ते ३८६ मध्ये गावाबाहेरची वस्ती. क्रम कसाही असला तरी सोडतीला फरक पडत नाही, पण नियम चुकला तर त्या चुकीचा भार कोणावर पडेल, हे या क्रमावरूनच ठरतं.

एका विद्यार्थ्याने सुचवलं होतं की गावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहेच, त्यातलेच चाळीस नंबर घेऊ. फोनच्या आकड्यांबद्दल पुढे बरंच लिहिणार आहे, म्हणून हा भेद इथेच स्पष्ट करते. फोन नंबर हे *आकडे मिळवण्याचं साधन* म्हणून वापरणं वेगळं आणि फोन नंबरांची यादी हीच *गावाची यादी* मानणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात ज्यांच्याकडे फोन नाही किंवा जे गटात नाहीत, त्यांची निवड होण्याची शक्यता थेट शून्य होते. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत एका साप्ताहिकाने टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या यादीवरून सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि लँडन जिंकतील असा अंदाज छापला. रूझवेल्ट प्रचंड मताधिक्याने निवडून आले. उत्तरं लाखोंनी आली होती, तरी ज्या यादीतून विचारलं तिच्यात गरीब मतदार कमी होते आणि उत्तर पाठवणारेही एका विशिष्ट वृत्तीचे होते. आकडे कुठूनही घ्या; यादी मात्र पूर्ण गावाचीच हवी.

नियम सोडतीआधी

आमच्याकडे यादृच्छिक अंकांच्या, म्हणजे प्रत्येक अंकाला समान संधी देऊन निव्वळ योगायोगाने काढलेल्या अंकांच्या, सारणीच्या एका पानाची छायाप्रत होती. पन्नास ओळी, प्रत्येक ओळीत पाच-पाच अंकांचे दहा गट. ही सारणी अमेरिकेतल्या रँड संस्थेने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा लाख अंकांची. संख्याशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांच्या परिशिष्टात तिचा तुकडा असतो, आणि १००९७ ३२५३३ अशी तिची सुरुवात बघितली की ती ओळखू येते. गटांमधली मोकळी जागा फक्त डोळ्यांच्या सोयीसाठी असते. अंक सलग वाचायचे.

३८६ हा तीन अंकी आकडा, म्हणून सारणीतून तीन-तीन अंक उचलायचे. ००० पासून ९९९ पर्यंत हजार शक्यता. त्यातल्या ००१ ते ३८६ सरळ घराचे क्रमांक. बाकीचे टाकून दिले तर दर दहा त्रिकुटांतली सहा वाया जातात. पद्धत बिनचूक आहे, पण लोक ताटकळतात. म्हणून ३८७ ते ७७२ मधला आकडा आला तर त्यातून ३८६ वजा करायचे. आता प्रत्येक कुटुंबाचे नेमके दोन आकडे झाले. पहिल्या घराचे ००१ आणि ३८७, शेवटच्याचे ३८६ आणि ७७२. ७७३ ते ९९९ आणि ००० आले तर ते सोडून द्यायचे.

इथे एका हुशार मुलीने विचारलं, "मॅडम, उरलेले तरी का सोडायचे? ७७३ मधून ७७२ वजा केले तर पहिलं घर मिळतंच की. भागाकार करून बाकी घ्यायची, एकही आकडा वाया जाणार नाही."

हाताने सोडत काढताना सर्वांत जास्त घडणारी चूक हीच, आणि ती दिसत नाही. ७७३ ते ९९९ हे फक्त २२७ आकडे आहेत. तेही वापरले तर पहिल्या २२७ कुटुंबांचे प्रत्येकी तीन आकडे होतात आणि २२८ ते ३८६ या कुटुंबांचे दोनच राहतात. म्हणजे गावठाणातल्या घराला दीडपट संधी. शेवटच्या वस्तीत ८६ कुटुंबं आहेत. समान संधी असेल तर चाळीसांत त्यांची सरासरी नऊच्या आसपास घरं यायला हवीत. बाकी काढायच्या पद्धतीने ती सातच्या आसपास येतील. नळ जिथे पोचलेला नाही तीच वस्ती कमी मोजली जाईल, आणि कोणी कितीही वेळा कागद तपासला तरी प्रत्येक वजाबाकी बरोबरच निघेल. गणित त्या मुलीने स्वतः फळ्यावर मांडलं आणि स्वतःच नियम पक्का केला: पूर्ण पटीच्या पुढचं सगळं सोडायचं.

आणखी दोन नियम लिहिले. आधी आलेला क्रमांक पुन्हा आला तर तो सोडून पुढे जायचं, कारण एका कुटुंबाला दोनदा विचारण्यात अर्थ नाही. आणि निघालेला क्रमांक कोणत्याही कारणाने बदलायचा नाही. हे सगळं सोडत सुरू होण्याआधी फळ्यावर लिहून मोठ्याने वाचलं. नियम नंतर ठरवला तर तो कोणाच्या तरी सोयीचा होतो, निदान तसा दिसतो तरी.

पाचव्या ओळीपासून

सुरुवात कुठून करायची? पानाच्या पहिल्या अंकापासून करायची सवय वाईट, कारण मग त्याच पानावरून काढलेली प्रत्येक सोडत सारखीच निघते आणि ज्याने पान आधी पाहिलं त्याला निकाल आधीच ठाऊक असतो. उपसरपंचांनी खिशातून दहाची नोट काढली. तिच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ०१ ते ५० असतील तर ती ओळ, त्याहून मोठे असतील तर ५० वजा करायचे, आणि ०० म्हणजे पन्नासावी. शंभरला पन्नासने पूर्ण भाग जातो, त्यामुळे इथे काहीच सोडावं लागत नाही. नोटेवर शेवटी ०५ होतं. पाचव्या आणि सहाव्या ओळी अशा:

१२८०७ ९९९७० ८०१५७ ३६१४७ ६४०३२ ३६६५३ ९८९५१ १६८७७ १२१७१ ७६८३३
६६०६५ ७४७१७ ३४०७२ ७६८५० ३६६९७ ३६१७० ६५८१३ ३९८८५ १११९९ २९१७०

एक विद्यार्थी वाचत होता, दुसरी फळ्यावर लिहीत होती, आणि तिसरा कागदावर वेगळी नोंद ठेवत होता. पहिलं त्रिकूट १२८, म्हणजे घर १२८. मग ०७९, घर ७९. पुढचं ९९७, सोडलं. ०८०, घर ८०. १५७ आणि ३६१ सरळ. ४७६ मधून ३८६ गेले, घर ९०. ४०३ म्हणजे घर १७. मग २३६. ६५३ चे २६७. ९८९ सोडलं. ५११ चे १२५, ६८७ चे ३०१, ७१२ चे ३२६, मग १७१, आणि ७६८ चे ३८२.

पाचव्या ओळीच्या शेवटी ३३ हे दोन अंक उरले. इथे बरेच जण ते टाकून पुढची ओळ नव्याने सुरू करतात. तसं केलं तरी बिघडत नाही, पण तो नियम आधी ठरलेला हवा. आमचा नियम सलग वाचण्याचा होता, म्हणून पुढच्या ओळीतला पहिला ६ जोडून ३३६ झाले. त्यानंतर ६०६ चे २२०, ५७४ चे १८८, ७१७ चे ३३१, सरळ ३४०, ७२७ चे ३४१, ६८५ चे २९९, मग ०३६, ६९७ चे ३११. पुढे ३६१ पुन्हा आलं, ते सोडलं. ७०६ चे ३२०, ५८१ चे १९५, सरळ ३३९, ८८५ सोडलं, १११ घेतलं, ९९२ आणि ९१७ सोडले.

३३ त्रिकुटं वाचली. पाच आकडे मर्यादेबाहेरचे, एक पुन्हा आलेला, आणि २७ कुटुंबं हाती. तेरा बाकी होती, तेवढ्यात मागे बसलेले एक आजोबा उठले.

"३३९, ३४०, ३४१. तीन घरं लागून लागून. मॅडम, ही सोडत नाही, हे ठरवून आणलेलं दिसतंय. कागद तुमचा, आकडे तुमचे."

लागून आलेली घरं

आजोबांची शंका रास्त होती, आणि तिचे दोन भाग होते.

पहिला भाग, लागून आलेली घरं. माणसाला मनाने आकडे निवडायला सांगितले की तो ते पसरून निवडतो. शेजारचं घर घेतलं की त्याला चुकल्यासारखं वाटतं. खरी सोडत असा संकोच करत नाही. ३८६ मधून ४० घरं काढली तर लागून असलेल्या जोड्या सरासरी चार निघतात. एकही जोडी न निघणं हेच दुर्मीळ, शंभरात एखाद्या वेळी घडणारं. तीन घरं लागून येणंही काही नवल नाही. अशा दहा सोडती काढल्या तर साधारण तिघींत तसं दिसेल. एखाद्याने चाळीस घरांची यादी आणून दिली आणि तिच्यात एकही शेजारी-शेजारी जोडी नसेल, तर ती यादी मनाने बनवली असल्याची शंका मला आधी येईल. क्षेत्रभेटीच्या नोंदी तपासताना ही खूण फार उपयोगी पडते.

दोन मुलांनी सुचवलं की सगळ्यांचं समाधान व्हावं म्हणून ३४० बदलून टाकू. ते करायचं नव्हतंच. एकदा का "हे बरं दिसत नाही, पुन्हा काढा" चाललं, की ज्याला निकाल आवडला नाही त्याच्या हातात सोडत जाते. निघालेली २७ घरं तशीच राहिली.

पण आजोबांच्या शंकेचा दुसरा भाग, कागद तुमचा आणि आकडे तुमचे, याला संभाव्यतेचं गणित हे उत्तर नव्हतं. सारणी छापील आहे, जगभर तीच आहे, हे सांगून त्यांना काय पटणार? म्हणून उरलेल्या १३ घरांसाठी आकडे गावकऱ्यांनीच द्यायचे ठरवलं. प्रत्येकाच्या खिशात ते होतेच.

फोनचे कोणते अंक

भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि तो ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो. सुरुवातीचे चार-पाच अंक कंपनीला आणि तिच्या विभागाला वाटून दिलेले असतात, त्यामुळे एकाच गावात तेच तेच अंक पुन्हा पुन्हा दिसतात. ते आपल्या कामाचे नाहीत. उपयोगाचे असतील तर शेवटचे तीन.

तेही डोळे झाकून घ्यावेत असे नाहीत. लोक नंबर निवडून घेतात. ७८६, ०००, ७७७, ९९९ असे शेवट मुद्दाम पैसे मोजून घेतलेले असतात. एका घरात एकाच वेळी सिमकार्ड घेतली असतील तर नंबर पाठोपाठचे असतात. शिवाय कुठल्या अंकाला लोक किती पसंती देतात, हे आपल्याला आधी ठाऊक नसतं.

फोन नंबरांवर असा विश्वास टाकू नये, याचा पुरावा जुना आहे. मोजलेले आकडे अपेक्षेपासून किती दूर आहेत हे पाहणारी काय-वर्ग चाचणी असते. महाराष्ट्रात संख्याशास्त्र शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तिचं ते उदाहरण सोडवलेलं असतं: टेलिफोन डिरेक्टरीतले दहा हजार अंक, शून्य १०२६ वेळा, एक ११०७ वेळा, आणि शेवटी नऊ फक्त ८५३ वेळा. ते आकडे पाठ्यपुस्तकासाठी रचलेले नाहीत. केंडल आणि बॅबिंग्टन स्मिथ या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये लंडनच्या डिरेक्टरीतून काढलेले ते खरे आकडे आहेत. प्रत्येक अंक हजार वेळा यायला हवा. काय-वर्गाची किंमत ५८.५ निघते, आणि दहा अंकांच्या मोजणीला, म्हणजे नऊ स्वातंत्र्यमात्रांना, पाच टक्के पातळीवर मर्यादा आहे १६.९. निव्वळ योगायोगाने किंमत त्यापुढे शंभरात पाचच वेळा जाते. नंबर डिरेक्टरीत कसेही विखुरलेले दिसले तरी अंक समान प्रमाणात नव्हते.

मग आमच्या गावातले आकडे बरे आहेत की नाही, हे कसं कळणार? आम्ही मोजून पाहिलं. हजर असलेल्यांपैकी ४० जणांनी आपल्या फोनचे शेवटचे तीन अंक चिठ्ठीवर लिहिले. पूर्ण नंबर कोणाचाच घेतला नाही. त्याची गरजही नव्हती आणि तो घेणं योग्यही नव्हतं. १२० अंक, प्रत्येक अंक सरासरी १२ वेळा यायला हवा. शून्य १९ वेळा आला, तीन फक्त ८ वेळा, बाकीचे ९ ते १५ च्या दरम्यान. काय-वर्ग ८.५ आला, मर्यादेच्या बराच आत.

विद्यार्थी खूश झाले, पण या निकालात खूश होण्यासारखं थोडंच आहे. १२० अंकांत एवढी चढउतार निव्वळ योगायोगानेही होते, म्हणून चाचणी आक्षेप घेत नाही. लंडनमध्ये नऊचं प्रमाण दहा टक्क्यांऐवजी साडेआठ होतं. एवढा कल १२० अंकांत लपून राहतो. तो उघडा पडायला दहा हजार अंक लागले. लहान मोजणीत आकडे नापास झाले तर ते वाईट असल्याची दाट शंका घ्यावी. पास झाले तर फक्त ढोबळ दोष नाही एवढंच कळतं. शून्य १९ वेळा येण्यामागे निवडून घेतलेले नंबर होते की योगायोग, हे त्या मोजणीवरून सांगता येत नाही.

हातचा न घेता बेरीज

अशा वेळी आकडे तपासत बसण्यापेक्षा ते सपाट करून घेणं बरं. त्याची रीत सोपी आहे. दोन वेगवेगळ्या माणसांचे तीन-तीन अंक घ्यायचे, एकाखाली एक मांडायचे आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज हातचा न घेता करायची. दहाच्या पुढे गेलं तर फक्त एकक ठेवायचा.

३५२ आणि ४१९: तीन नि चार सात, पाच नि एक सहा, दोन नि नऊ अकरा, ठेवला एक. आकडा ७६१. त्यातून ३८६ गेले, घर ३७५. दुसरी जोडी ९०५ आणि २३८: नऊ नि दोन अकरा, ठेवला एक, शून्य नि तीन तीन, पाच नि आठ तेरा, ठेवले तीन. आकडा १३३, घर १३३. एका चिठ्ठीवर ७८६ होतं, तिच्या जोडीला २१४ आलं. सात नि दोन नऊ, आठ नि एक नऊ, सहा नि चार दहा, ठेवलं शून्य. ९९०, सोडून दिलं. निवडून घेतलेला नंबर होता, पण दुसऱ्या चिठ्ठीने त्याचं काहीच चालू दिलं नाही.

याने नेमकं काय साधतं? दोन्ही चिठ्ठ्यांचा एकमेकींशी संबंध नसेल, आणि त्यातल्या एकीचे अंक पूर्ण समान प्रमाणातले असतील, तर दुसरीत कितीही कल असला तरी बेरजेचे अंक समान प्रमाणातच येतात. दोन्हींत थोडाथोडा कल असेल तर बेरजेत तो फार बारीक होतो. लंडनचेच आकडे घेऊन पाहा. तिथे सर्वांत मोठी तफावत दीड टक्क्याची होती. तशाच दोन स्वतंत्र अंकांची अशी बेरीज केली तर कोणत्याही अंकाचं प्रमाण ९.९४ ते १०.०६ टक्क्यांच्या बाहेर जात नाही. ३८६ घरांच्या सोडतीला एवढं पुरून उरतं.

आणि हा खेडवळ जुगाड नव्हे. आमच्या छायाप्रतीतल्या सारणीचाच इतिहास असा आहे. रँडच्या लोकांनी विजेच्या स्पंदांवर चालणाऱ्या यंत्रातून दहा लाख अंक काढले आणि वीस हजार कार्डांवर, प्रत्येकी पन्नास, नोंदवले. तपासल्यावर त्यांना यंत्राचा किंचित कल दिसला. तेव्हा त्यांनी प्रत्येक कार्डावरचे अंक आधीच्या कार्डावरच्या अंकांत एकेक करून मिळवले, हातचा सोडून. छापली गेली ती या बेरजेनंतरची सारणी. आजोबांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे त्यांचंही यंत्र एका अंगाला झुकत होतं तर." सारणीबद्दलचा त्यांचा राग थोडा निवळला तो या माहितीने, संभाव्यतेच्या माझ्या सगळ्या स्पष्टीकरणाने तसं झालं नव्हतं.

"संबंध नसेल" ही अट मात्र सांभाळावी लागते, आणि घोळ होतो तो तिथेच. एकाने अंक मोठ्याने सांगितले आणि मग दुसऱ्याने आपले सांगितले, तर दुसऱ्याला हवं ते घर काढता येतं. बेरीज तोंडी करता येण्याइतकी सोपी आहे. म्हणून सगळ्यांनी चिठ्ठ्या आधीच लिहून, घडी घालून डब्यात टाकल्या. अंक फोनच्या पडद्यावर बघून लिहायचे, आठवणीने किंवा मनाने नाही, कारण मनाने लिहिताना लोक एकच अंक दोनदा टाळतात. एका घरातल्या दोघांच्या चिठ्ठ्या घेतल्या नाहीत. डबा हलवून दोन-दोन चिठ्ठ्या काढायचं काम आजोबांनाच दिलं. ४० चिठ्ठ्यांच्या वीस जोड्या होत होत्या. अठराव्या जोडीला तेरावं घर मिळालं. चार आकडे मर्यादेबाहेर गेले होते, एक आधीच निघालेला होता. उरलेल्या दोन जोड्या उघडल्या नाहीत.

सारणीतून २७ आणि फोनमधून १३, अशी सरमिसळ चालते का, असं एका सहकाऱ्याने नंतर विचारलं. चालते. दोन्हीकडे न निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला पुढच्या वेळी निघण्याची संधी समानच होती. अडचण आली असती ती निघालेली घरं बघून त्यातली काही रद्द करून पुढे गेलो असतो, तर.

कागद जपून ठेवले. नोटेचे शेवटचे दोन अंक, सारणीचं पान आणि ओळ, सोडलेल्या आकड्यांसकट सगळी त्रिकुटं, आणि चिठ्ठ्या जोडीजोडीने टाचून एका पाकिटात. सोडलेले आकडेही लिहायचे असतात; नाहीतर नंतर तपासणाऱ्याला कळत नाही की ९९७ नियमाने गेलं की कोणाच्या मर्जीने.

कुलपं

चाळीसांपैकी सहा घरांना कुलूप होतं. त्यातली पाच कुटुंबं ऊसतोडीला गेलेली, सहावं पुण्याला मुलाकडे. संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहिलं, तरी तेच. मुलांना शेजारचं घर घेण्याचा मोह झाला, कारण प्रश्नावली भरून चाळीसचा आकडा पुरा झाला असता. पण जे शेजारी घरी आहेत ते ऊसतोडीला न जाणारे आहेत. पाच ऊसतोड कुटुंबांच्या जागी पाच घरी राहणारी कुटुंबं आली असती. सोडतीत मोठ्या कष्टाने दिलेली समान संधी दारात येऊन संपली असती, आणि अहवालात ४० हा आकडा नेटका दिसला असता. म्हणून ४० पैकी ३४ असंच लिहिलं.

३४ कुटुंबांपैकी २१ जणांना पाणी अंगणाबाहेरून आणावं लागत होतं, म्हणजे सुमारे ६२ टक्के. एवढ्या लहान नमुन्यावरून गावाबद्दल ९५ टक्के खात्रीने सांगायचं तर ते प्रमाण साधारण ४६ ते ७८ टक्क्यांत आहे, इतकंच म्हणता येतं. पल्ला मोठा आहे. पण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त घरं बाहेरून पाणी आणतात, एवढं ग्रामसभेत ठामपणे मांडायला तो पुरेसा होता.

बंद घरांचा हिशेब त्यात येत नाही, तो वेगळा मांडला. ती सहाही बाहेरून पाणी आणणारी असतील तर ४० पैकी २७, म्हणजे ६७.५ टक्के. एकही तसं नसेल तर ४० पैकी २१, म्हणजे ५२.५. पाचही ऊसतोड कुटुंबं शेवटच्या वस्तीतली आहेत आणि तिथे नळाची जोडणी अजून झालेली नाही, त्यामुळे खरं उत्तर वरच्या टोकाकडे असावं असं माझं मत आहे. ते मत आहे, मोजमाप नाही, म्हणून अहवालात ते वेगळ्या परिच्छेदात लिहिलं. त्या सहा कुटुंबांचे क्रमांक ग्रामसेवकांकडे दिले आहेत. कारखान्यांचा हंगाम संपून लोक परतले की त्याच सहा दारांशी जाऊन तोच प्रश्न विचारायचा आहे.